बुधवारची आणि रविवारची दोन जेवणं

माझं वजन दोन वर्षांत चौऱ्याहत्तरवरून नव्वदवर गेलं, त्याला मी सोडून कोणी जबाबदार नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे आईवर किंवा मोनिकावर कोणी बोट ठेवायला नको.

मी सुप्याच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत स्टोअर सांभाळतो. कोणता डबा कोणत्या डब्याशेजारी ठेवायचा नाही, हे बघणं माझं काम. चौदा वर्षं तेच केल्यावर माणसाला घरातही सवय लागते. दोन गोष्टी एकमेकींजवळ आल्या की काहीतरी पेटणार, असं मला आपोआप वाटतं. बहुतेक वेळा काही पेटत नाही, पण ते बघायला मी थांबत नाही.

आमचं घर माळकरी. पारनेरच्या पलीकडे आमचं गाव आहे. तिथे वडिलांनी आणि आईने, राहीबाईने, आयुष्यभर तुळशीची माळ घातली. मी माळ घातली नाही, पण खाणं तेच. मोनिका नागापूरची. तिचे वडील तिथल्याच वर्कशॉपमधून रिटायर झाले. त्यांच्याकडे बुधवारी मासे आणि रविवारी मटण हे घड्याळासारखं ठरलेलं. आम्ही एकाच कंपनीत भेटलो. ती तपासणी विभागात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायला. लग्नाआधी मी तिला म्हणालो होतो, "मी खाणार नाही, पण तुला सोडायला सांगणार नाही." ती म्हणाली होती, "सोडायला सांगितलं असतं तर तुम्हालाच सोडलं असतं." हे ती हसत म्हणाली, तरी मी ते गंभीरपणे घेतलं.

लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आम्ही दोघंच होतो आणि काही अडचण आली नाही. स्वयंपाकघर एक, गॅस एक, पण नियम पक्के. तिचा तीन लिटरचा कुकर, एक कढई, माशांचा तवा, सुरी, चिरायचा पाट, डाव आणि दोन वाट्या, एवढी भांडी वेगळी. त्यांच्या दांड्यांवर नाहीतर कडांवर मी लाल रंगाचा ठिपका दिला. ही भांडी ओट्याखालच्या डावीकडच्या कप्प्यात. कुकरचं रबर मात्र कप्प्यात ठेवायचं नाही, खिळ्याला टांगायचं, कारण स्टीलचा वास घासून जातो, रबराचा जात नाही. त्यात एकदा मटण शिजलं की पुढचे चार वरण-भात त्याचीच आठवण काढतात. हे आम्ही एकदा चूक करून शिकलो.

मग ठरलं ते असं. वाटण एकच करायचं. कांदा आणि सुकं खोबरं तव्यावर काळपट भाजायचं, लसूण, आलं, कोथिंबीर घालून मिक्सरला फिरवायचं आणि त्याचे लगेच दोन वाटे करायचे. मटणाला हात लागायच्या आधी मिक्सर धुऊन जागेवर गेला पाहिजे. एक वाटा वांग्याला नाहीतर मसुराला, दुसरा मटणाला. रस्सा दोन्हीकडे तोच, काळा मसाला तोच, फक्त मसाल्याच्या बरण्या दोन, कारण रश्शाचा ओला चमचा माणूस नकळत बरणीत घालतो. मीठ तिने आधीच वाटीत काढून घ्यायचं. भाकरी सगळ्या आधी भाजून फडक्यात गुंडाळायच्या. आधी साधी भाजी शिजवून, झाकून, बाजूला; मगच दुसऱ्या शेगडीवर तिचं. घासण्या दोन. तिची भांडी आधी गरम पाण्याने, मासे असतील तर वर बेसन चोळून, आणि शेवटी सिंकमध्ये उकळतं पाणी. हाडं-काटे पिशवीत बांधून त्याच वेळी खाली न्यायचे, सकाळवर ठेवले की मांजरं जिन्यात पसरवतात. फ्रिजमध्ये कच्चं काही ठेवायचं नाही, शिजलेलं उरलंच तर घट्ट झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खाली. दूध-दही वर.

वारही असेच. सोमवार, गुरुवार, शनिवार नाही. मंगळवार तिच्या आईचा देवीचा, म्हणून तो नाही. शुक्रवार आम्ही सोडून दिला. बुधवार-रविवार राहिले. त्या दिवशी एकादशी किंवा चतुर्थी आली की पुढचा वार. श्रावणात आणि नवरात्रात कप्पा बंद.

वडील गेल्यावर आई गावाकडून आमच्याकडे आली, तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्या बुधवारी मोनिकाने काही केलं नाही. रविवारी माहेरी गेली आणि जेवून आली. त्याच्या पुढच्या बुधवारीही काही केलं नाही. मी काळजीत पडलो. ती बोलून दाखवणारी नव्हती आणि आईही नव्हती. म्हणून दोघींच्या वतीने मीच विचार केला.

मी मोनिकाला म्हणालो, "तू कर की. फक्त आईला समोर बघवत नाही, वास सहन होत नाही. आपण तिला आधी वाढून देऊ, आपण मागून बसू."

आईला म्हणालो, "मोनिकाला तुझ्यासमोर खायला संकोच वाटतो. बुधवार-रविवार तू जरा आधी जेवून घे."

दोघींपैकी एकीनेही मला असं काही सांगितलं नव्हतं. पण मला वाटलं, हे असंच असणार. विचारून कशाला अवघडून टाकायचं? दोघीही "बरं" म्हणाल्या. इतक्या पटकन "बरं" म्हणाल्या की मला माझ्या अंदाजाचा अभिमानच वाटला.

तर बुधवारी आणि रविवारी आमच्याकडे असं चालायचं. सात वाजता मी बाहेरच्या खोलीत आईचं ताट नेऊन ठेवायचो. मोनिका आत, तिचे मासे नाहीतर मटण धुण्यात. आई एकटी ताटापुढे बसायची आणि माझ्याकडे बघायची. वडील गेल्यापासून तिला एकटीने जेवायची सवय लागली नव्हती. घास हातात धरून ती इकडे-तिकडे बघत राहायची. मला ते बघवायचं नाही. मग टोपलं बाहेर आणून मी दुसरं ताट घेऊन बसायचो; मोनिकाची पाठ इकडे असायची. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक. आई पोटभर जेवायची आणि खाली तळमजल्यावर लंकाबाईंकडे सीरियल बघायला जायची. पावणेनऊशिवाय वर येत नसे.

सव्वाआठला मोनिकाचं व्हायचं. मोठं ताट, कांदा, लिंबू, तर्री आलेला रस्सा. आणि तीही माझ्याकडे बघायची. आठवडाभर कंपनीत उभी राहणारी बाई, तिने एकटीने जेवायचं? मग मी तिच्यासमोरही बसायचो. दीड भाकरी, तीच वांग्याची भाजी, वर भात.

आईला सांगायचो, "मी तिच्याजवळ नुसता बसतो." मोनिकाला सांगायचो, "मी आईजवळ नुसता बसलो होतो." भाकऱ्या जास्त लागतात हे मोनिकाच्या लक्षात आलं होतं. पण तिला वाटलं, आई चार खाते. एकदा म्हणालीसुद्धा, "आईंची भूक चांगली आहे हो, अंगाला लागत नाही एवढंच." मी मान हलवली. आईचं वजन चाळीस किलो.

असं दोन वर्षं चाललं. भांडणाचा एक शब्द झाला नाही. शेजारी मोनिकाला विचारायचे, तुमच्याकडे सासू माळकरी, तू खाणारी, कसं जमतं? ती म्हणायची, "आमच्याकडे नियम आहेत." मी मनात म्हणायचो, नियमांचं सोड, पोट माझं आहे.

या वर्षी कंपनीच्या आरोग्य तपासणीत माझी शुगर निघाली. डॉक्टरने रात्रीचं जेवण काय, असं विचारलं. मोनिका सोबत होती, तिनेच सांगितलं, "दीड भाकरी, भाजी, थोडा भात. गोड खात नाहीत." डॉक्टरने माझ्या पोटाकडे बघितलं. एक गोळी दिली, रात्रीचं जेवण सातला, एकच भाकरी, आणि पंधरा दिवस रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या मशीनवर बोट टोचून आकडा लिहायचा.

आकडे लिहायचं काम मोनिकाने घेतलं. मी सातला जेवत होतो, एकच भाकरी. बुधवार-रविवारीही सातला एकच. आणि सव्वाआठला एकच. दोन्ही वेळा एकेकच, म्हणजे नियम मोडला असं मला वाटलं नाही. मोनिकाला मी सांगितलं होतं की त्या दोन दिवशी सव्वाआठला जेवलं तर चालेल, मी डॉक्टरला फोन करून विचारलंय. फोन केला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर आली.

"हे बघा," ती म्हणाली. "मंगळवार एकशे अठरा. बुधवार एकशे बावीस. आज एकशे एकाहत्तर. मागच्या गुरुवारी एकशे अडुसष्ट. दोन्ही सोमवारी एकशे सत्तरच्या घरात. बाकी सगळे दिवस बरे. बुधवारी आणि रविवारी रात्री तुम्ही कुठे काय खाता?"

तपासणी विभागातली बाई घरात असली की हे असं होतं. मी म्हणालो, "मशीन बिघडलं असेल."

"मशीन फक्त सोमवारी आणि गुरुवारी बिघडतं?"

आई चहाची कपबशी घेऊन तिथेच बसली होती. मोनिका तिच्याकडे वळली. "आई, हे बुधवारी बाहेर जातात का हो कुठं? वडापाव, भेळ, काही?"

"न्हाई बाई," आई म्हणाली. "कुटं जातोय? माज्यासंगं जेवतो की बुदवारी. आदी दोन भाकरी खायचा, आता एकच खातो. मीच म्हनते, घे अजून."

मोनिकाने वही बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तुमच्याबरोबर जेवतात?"

"व्हय. दर बुदवारी. आन् रविवारी."

"आणि माझ्याबरोबर पण जेवतात. सव्वाआठला."

आईने कपबशी खाली ठेवली. दोघी माझ्याकडे बघू लागल्या. मी आकड्यांच्या वहीकडे बघितलं.

"दोनदा जेवतोस?" आईने विचारलं. "दोन वर्सं?"

"तू एकटी जेवत होतीस," मी म्हणालो. "आणि ही पण."

"मग मला एकटीला आदी जेवायला कुनी सांगितलं? मी तर मागनं तुमच्यासंगं बसले असते. तू म्हनलास, हिला माज्यासमूर खायला लाज वाटती."

"मला?" मोनिकाचा आवाज चढला. "मला कसली लाज? हे मला म्हणाले, तुम्हाला वास सहन होत नाही. तुम्हाला समोर बघवत नाही."

"वास?" आई म्हणाली आणि तिला हसू आलं. "माज्या बापाच्या घरी दर रविवारी बकरं पडायचं. मी एकोणीस वर्सांची हुईस्तवर सगळं खाल्लंय. लगीन झाल्यावर ह्यांच्या घरी आले तवा माळ घातली. माळ गळ्यात हाय माज्या, नाकात न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. आईचं माहेर म्हणजे मला एक आंब्याचं झाड आणि एक बोळक्या तोंडाचा मामा एवढंच आठवतं. तिच्या माहेरी काय शिजायचं, हे मी चाळीस वर्षांत विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

आईचं हसू थांबलं. ती मोनिकाला म्हणाली, "मला वाटायचं, तुला मी नको हाय. म्हाताऱ्या मानसाचं ताट भाईर नेऊन ठेवायचं, म्हंजे आत यायचं न्हाई. म्हनून मी लंकाबाईकडं जाऊन बसायचे. ती सीरियल मला आवडत सुदिक न्हाई."

मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती सहसा रडत नाही. "आणि मला वाटायचं, तुम्हाला माझा विटाळ वाटतो. पंचवीस वेळा साबण लावायची हाताला. गुरुवारी सकाळी तुमच्या पाया पडताना हात मागे घ्यायची."

आईने तिचा हात धरला. मी तिथे उभा होतो. मला फार वाईट वाटत होतं आणि ते कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात एक गोष्ट नीट सांभाळली असं समजत होतो, ती ही.

"तुमी जा कामाला," आई मला म्हणाली. ती मला कधी तुम्ही म्हणत नाही.

त्या रविवारी दोघींनी ठरवलं, मला विचारलं नाही. डॉक्टरने सातला सांगितलंय तर मी सातला जेवायचं, बाहेरच्या खोलीत, एक भाकरी, भाजी, काकडी. मोनिकाचं सव्वाआठच्या आधी होत नाही, कारण आधी साधं आणि मग तिचं हा क्रम तर मोडता येत नाही. आई म्हणाली, "मी थांबते. मला काय घाई हाय?"

मी जेवत असताना आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. आत मटण फोडणीला पडलं होतं. आई एकदा नाक वर करून म्हणाली, "कांदा कच्चा ऱ्हायलाय गं. वाटन अजून परत. तेल सुटू दे कडंनी."

"चाखायला तर तुम्हाला देता येत नाही," मोनिका म्हणाली.

"चाखायला कशाला लागतं? वासावर कळतं. आन् पानी गरम घाल, गार घातलं की मटान दडस ऱ्हातं. माजी आई अळनी पानी वेगळं काडून ठिवायची, मिरची पडायच्या आदी, म्हाताऱ्यांसाठी."

सव्वाआठला दोघींची ताटं पडली. दोन पाट, मधे एक हात अंतर. भाकरीचं टोपलं, ताक आणि मीठ आईच्या बाजूला, कारण तिचा हात साफ. मोनिकाने जेवायला बसल्यावर टोपल्याला हात लावायचा नाही, हे आईनेच सांगितलं. तिला भाकरी लागली की आई वरूनच तिच्या ताटात टाकत होती, बोटं न लावता. कांदा दोन बश्यांत चिरलेला. पाण्याचा तांब्या आईकडे, मोनिकाची बाटली वेगळी. माझ्या नियमांपैकी एकही मोडला नव्हता, उलट दोन नवे आले होते. मला ते सुचले नव्हते, कारण दोघी एकत्र बसतील हेच मला सुचलं नव्हतं.

बाहेर मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. आई तिच्या बापाबद्दल सांगत होती, तो मुंडी कशी भाजायचा, पोरं चुलीभोवती कशी बसायची, आणि माळ घातल्यावर पहिल्या रविवारी ती माहेरी गेली तेव्हा तिच्या आईने तिला वेगळं पिठलं करून त्याच पंगतीत कसं बसवलं होतं. "मला उठवली न्हाई तिनं," आई म्हणत होती. "म्हनली, तुजं तू खा, आमचं आमी, पर बसायचं हितंच."

मोनिका काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. मला नीट ऐकू आलं नाही. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. दोघींनी बोलणं थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय पाहिजे?" मोनिकाने विचारलं.

"पाणी."

आईने तांब्या उचलून दिला. मी पाणी प्यायलो. भूक नव्हती, पण मला खूप वाटलं की खाली बसावं.

"बसू का जरा?" मी विचारलं. "नुसता बसतो."

आई म्हणाली, "नको रं बाबा. तुजं नुसतं बसनं आमाला म्हाईत हाय."

मी बाहेर आलो. आत पुन्हा बोलणं सुरू झालं. मी कान देऊन ऐकत राहिलो, आणि सासू-सुनेचं हे असलं बोलणं या घरात दोन वर्षं होऊ शकलं असतं, दर बुधवारी आणि दर रविवारी, हे माझ्या लक्षात आलं. मी दोघींना एकदा विचारलं असतं तरी.